पोचकाकांचे साहेब

आमच्या रंगाच्या कारखान्यात गाड्यांमध्ये माल भरून रवाना करणाऱ्या कारकुनाला सगळे पोचकाका म्हणत. सहीची पोच घेतल्याशिवाय हा माणूस कोणाला टाचणीसुद्धा देत नसे. एकदा मी विसरलेली छत्री त्यांनी मला परत केली, तीही पोच घेऊनच. मी मुकाट्याने सही केली. रोज तोंड बघायचं असतं, वाद कुठे घालायचा?

असा हा काटेकोर माणूस दोन वर्षं फुकट राबत होता. गाड्या उशिरा येत आणि काका त्या भरून होईपर्यंत थांबत. पगाराच्या चिठ्ठीवर ओव्हरटाइमपुढे मात्र शून्य. ते शून्य मीच टाईप करायचे, कारण पगार विभागात माझ्यापर्यंत मंजुरीचा कागदच येत नसे.

घरी काकू विचारत, रोज उशीर का? काका म्हणत, साहेब सोडत नाहीत. मग काकूंना बहिणीकडून कळलं की थांबणाऱ्याला दुप्पट पैसे मिळतात. तेव्हापासून त्यांनी बोलणंच टाकलं. एक तर हा माणूस पैसे दडवतो, नाहीतर कामावर नसतोच, असं त्यांच्या मनाने घेतलं. ताट झाकून ठेवायचं आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचं. काका मला हे सांगताना रडवेले झाले होते. पैशांपेक्षा त्यांना ते झाकलेलं ताट सलत होतं.

म्हणून त्यांनी अर्ज केला. सोबत अंगठ्याच्या मशीनमधली हजेरी, प्रत्येक जादा तासाचा हिशेब आणि नेमणुकीच्या करारातलं कलम: विभागप्रमुखाच्या आगाऊ लेखी परवानगीने जादा वेळ काम केल्यास मोबदला दुप्पट दराने मिळेल. अर्जाची पोच घेतली, हे सांगायला नकोच.

एचआरच्या साहेबांनी त्यांना बोलावलं. मीही हिशेबासाठी होते. मशीन फक्त तुम्ही आत होतात एवढंच सांगतं, म्हणाले, परवानगी कुठे आहे? काकांनी उशिरा आलेल्या गाड्यांच्या चिठ्ठ्या पुढे केल्या. कोण कोण थांबणार त्यांची नावं आणि खाली सही, 'विभागप्रमुखांकरिता'. सही काकांचीच. तिच्याशिवाय गेटवरचा रखवालदार गाडी आत घेत नसे.

तुम्हाला हा अधिकार दिला कोणी, म्हणून साहेबांनी फाईल उघडली आणि तिथेच अडकले. आधीचे विभागप्रमुख नोकरी सोडून गेले तेव्हाचा आदेश तिच्यात होता. नवी नेमणूक होईपर्यंत विभागप्रमुखाचं काम विभागातल्या सर्वांत जुन्या कर्मचाऱ्याने पाहावं. म्हणजे काकांनी. त्यावर आदेश मिळाल्याची काकांची सहीसुद्धा होती. पोच त्यांनी मन लावून दिली होती, कागद तेवढा वाचला नव्हता. दोन वर्षं हा गृहस्थ रिकाम्या केबिनच्या दारावर टकटक करून रजेचे अर्ज आतल्या ट्रेमध्ये ठेवत होता आणि मंजुरीची वाट बघत होता.

साहेब खुशीत आले. तुम्हीच प्रमुख, म्हणजे अधिकारी, आणि अधिकाऱ्याला ओव्हरटाइम नसतो, असं त्यांनी जाहीर केलं. माझं डोकं फिरलं. मग अधिकाऱ्याचा पगार आणि भत्ते मागच्या तारखेपासून काढू का, एवढंच मी विचारलं आणि आकडा कागदावर लिहून सरकवला. तो ओव्हरटाइमच्या कितीतरी वर होता.

साहेबांनी चष्मा पुसला. काका पुन्हा कर्मचारी झाले. प्रमुखाचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याची सही परवानगीला चालते, असा शेरा मारून त्यांनी रक्कम मंजूर केली.

पैसे मिळायच्या दिवशी काका काकूंना घेऊन माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "हिला एकदा तुमच्या तोंडून सांगा, मी इथेच होतो."

मी हजेरीचे कागद काकूंपुढे ठेवले. त्या एकेक तारीख बघत राहिल्या, आणि मग डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं, पण माझ्या तोंडाला कुलूप नाही. मी तो आदेशही दाखवला.

काकूंनी तो दोनदा वाचला. मग नवऱ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे दोन वर्षं मी ज्या साहेबाला शिव्या घालत होते, तो माझ्याच हातचं जेवत होता."

तेवढ्यात गेटवर उशिराच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि काका सवयीने निघाले.

"जा," काकू म्हणाल्या, "साहेबांना विचारून या, आज तरी सोडतात का."

आणि काका खरोखरच त्या रिकाम्या केबिनच्या दारापर्यंत गेले, टकटक करायला हात वर केला, आणि तसेच उभे राहिले.