नावाखालची ओळ

उद्यमनगरात लेथ आणि वेल्डिंगच्या गाळ्यांमध्ये शालूबाईंची खानावळ आहे. माहेर शाहूवाडीकडचं. नवरा फाउंड्रीत मोल्डर होता. त्याच्या जोडीदारांना डबे देता देता ही खानावळ उभी राहिली. नवरा गेला, खानावळ राहिली. गल्ल्यावर मुलगा सम्राट बसतो, वाढायला गुंडू आहे. तो शालूबाईंच्याच वयाचा. चूल म्हणजे गॅस, पण ती शालूबाईंची. तिथं दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही.

फाउंड्रीवाले सकाळपासून तापलेल्या लोखंडाच्या रसाजवळ उभे असत. जेवायला आले की समोर येईल ते संपवत. पुढं कारखान्यांना स्वतःच्या कॅन्टीन आल्या. आता येतात ते सुटे भाग घ्यायला आलेले दुकानदार, बँकेतली पोरं, कॉलेजची पोरं. ही माणसं फळ्यावरचं वाचतात आणि विचारतात, ‘घुटं म्हणजे काय?’ गुंडू म्हणतो, ‘उडीद.’ मग ती बटाट्याची भाजी मागवतात.

सम्राटनं एके दिवशी सांगून टाकलं.

‘आई, दिवाळीनंतर इचलकरंजीचा एक स्वयंपाकी आणतोय. पनीर करील, पावभाजी करील. तू बस आता निवांत.’

‘कुठं बसू?’

‘घरात बस की. आयुष्यभर उभीच हाईस.’

‘मला बसता येत न्हाय,’ शालूबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या. थापताना भाकरीला चीर गेली. त्यांच्या भाकरीला सहसा चीर जात नाही.

सून मोना जयसिंगपूरची. लग्नाआधी ती तिथल्या एका कापडदुकानाच्या जाहिराती लिहायची. ती नवऱ्याला म्हणाली, ‘दिवाळीपर्यंत थांबा. मेनूकार्ड करू. प्रत्येक पदार्थाच्या नावाखाली एक ओळ लिहू. लोकांना कळतच नाही, मागवतील कसे?’

सम्राट थांबला. दिवाळीपर्यंत.

कार्ड छापून आलं. गुळगुळीत कागद, कोपऱ्यात मातीच्या चुलीचं चित्र. हुलग्याच्या माडग्याखाली लिहिलं होतं, ‘आजीच्या मायेची ऊब.’ उडदाच्या घुट्याखाली, ‘सह्याद्रीच्या कुशीतली चुलीवरची अस्सल चव.’ ताकातल्या कण्यांखाली, ‘बालपणीच्या आठवणींचा गारवा.’ दोडक्याच्या भाजीखालीसुद्धा मातीचा सुगंध होता.

शालूबाईंनी कार्ड लांब धरून वाचलं.

‘आजी कोण?’

‘तुम्हीच की.’

‘तुला पोर झाल्याबिगर मी कशी आजी? आन् चूल कुठाय?’

‘आई, तसं लिहायची पद्धत असते.’

माडगं, घुटं, कण्या, सगळ्याला मागणी वाढली. सम्राट खूश झाला. मग वाट्या परत यायला लागल्या. कुणी माडग्यात भाकरी कुस्करली, ती विरघळून गेली आणि तो म्हणाला, ‘आमटी पाणचट आहे.’ एकीनं घुट्यात चमचा घातला, वर उचलला, तार लोंबली, तिनं वाटी बाजूला सारली. एका जाडजूड व्यापाऱ्यानं कण्या गार आहेत म्हणून गरम करून मागितल्या. गुंडूनं त्या गरम करून नेल्या. ताक फाटलं.

‘काय हो पावणं,’ तो व्यापारी गुंडूला म्हणाला, ‘तुमच्या आजीचं आणि माझं जमायचं न्हाय.’

शेजारची टेबलं हसली. आत ऐकू गेलं. शालूबाई फाटलेलं ताक मोरीत ओतत होत्या. बाहेर सम्राटनं स्वयंपाक्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी गुंडू भाच्याच्या लग्नाला गेला. वाढायला शालूबाई बाहेर आल्या. मोना हाताखाली होती. एका टेबलावर बँकेतली दोन पोरं बसली होती. दोघांनी माडगं मागवलं. शालूबाईंनी वाट्या ठेवल्या आणि जाता जाता बोलल्या, ‘भाकरी घालू नका. गरम हाय तवर वाटी तोंडाला लावा. भाकरी मागनं भाजीसंगं.’

पोरांनी वाट्या तोंडाला लावल्या. एकानं फुंकर घालत दुसऱ्याकडं बघितलं. वाट्या रिकाम्या झाल्या.

मोना पाण्याचा जग धरून उभीच राहिली. आतल्या टेबलाला शालूबाई सांगत होत्या, ‘घुटं भातावर घ्या. नुसतं खाऊ नका, टाळूला चिकटंल.’

गर्दी ओसरल्यावर मोना ओट्याशी आली.

‘आई, तुम्ही हे सगळ्यांना सांगता?’

‘काय?’

‘कसं खायचं ते.’

‘पयल्यापास्नं सांगती. कामगारास्नी सांगायची. एकदा सांगितलं की बास. आता गुंडू वाढतोय, त्यो मुका.’

‘मग कार्डावर हेच पाहिजे. मी तिथं पदार्थ सोडून सगळं लिहिलं.’

दोघी बसल्या. म्हणजे मोना बसली, शालूबाई डावानं उडीद घोटत उभ्या राहिल्या. पहिलं भांडण घुट्यावरच झालं.

‘चिकट’ हा शब्द मोनाला नको होता. त्यानं भूक मरते म्हणाली.

‘चिकट हाय तर चिकट लिव. मागनं तार बघून पळत्यात, त्यापरीस आदी पळू देत.’

मोनानं पेनाचं टोक चावलं. ‘भाताला धरून राहतं. असं लिहिलं तर?’

शालूबाईंचा डाव थांबला. त्यांनी ते मनाशी म्हणून पाहिलं. ‘व्हय. धरूनच ऱ्हातंय. लिव.’

‘आणि?’

‘घोटायला किती येळ लागतो त्ये लिव. दंड भरून येतोय.’

‘गिऱ्हाइकाला तुमच्या दंडाशी काय करायचंय? त्याला जिभेचं सांगायचं.’

‘मग मी घोटती कशाला?’

‘मऊ व्हावं म्हणून. तर ‘डावानं घोटून मऊ केलेलं’ एवढं लिहिते. ते खरं आहे ना?’

‘खरं हाय. मिक्सरला लावलं न्हाय कदी.’ त्यांनी डावानंच कार्डाचा कोपरा दाखवला. ‘आन् त्ये चुलीचं चित्र काढून टाक.’

नवं कार्ड साधं होतं.

माडगं: ‘भाजलेल्या हुलग्याच्या पिठाचं, पातळ. लसूण-जिऱ्याची फोडणी. गरम असतानाच वाटीनं प्या.’

घुटं: ‘सालीचे उडीद, डावानं घोटून मऊ केलेले. दाट, भाताला धरून राहतं. वर कच्चा कांदा घ्या.’

कण्या: ‘मऊ शिजवलेली तांदळाची भरड, वर ताक. गारच खायच्या. तिखट हवं तर मिरचीचा खर्डा मागा.’

मागणी पहिल्या कार्डाइतकी झाली नाही. पण ज्यानं मागवलं त्यानं संपवलं. बँकेतली पोरं आणखी दोघांना घेऊन आली. एक मुलगी कण्यांची ओळ वाचून म्हणाली, ‘गार आहे, मग मला नको,’ आणि तिनं माडगं घेतलं. गुंडूला काही सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, ‘वहिनी, माझं तोंड कार्डावर छापलंसा की.’

सम्राट गल्ल्यावर बसून परत येणाऱ्या रिकाम्या वाट्या बघत होता. रोज बघत होता. दिवाळी गेली. स्वयंपाकी आला, शब्द दिला होता म्हणून. पनीर खपतं, हे शालूबाईंनाही मान्य आहे. त्याच्यासाठी खिडकीच्या कडेला नवी शेगडी घेतली. मोठी शेगडी आईची राहील, असं सम्राटनं स्वयंपाक्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. आईला काही सांगितलं नाही. तिनं ते ओट्याशी उभ्या उभ्या ऐकलं.

दोडक्याची भाजी मात्र कुणी मागवीना. मोनानं त्याची ओळ तीनदा बदलली. शेवटची चांगली होती, खरीही होती: ‘कोवळा दोडका, शेंगदाण्याच्या कुटात, रस अंगाबरोबर.’ तरीही नाही.

‘अजून एकदा लिहून बघू?’ मोनानं विचारलं.

‘नको. खरं सांगून झालं. न्हाय आवडत त्यास्नी. खोड त्ये.’

मोनानं खोडलं. शालूबाईंनी उरलेला दोडका घरच्यांसाठी फोडणीला टाकला आणि घुट्याकडं वळल्या. दुपारची माणसं यायला लागली होती.