बाईंचं ‘काऊन’

वऱ्हाडातल्या जानेफळच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून सत्यभामाबाई निवृत्त झाल्या. दहावीसाठी पुण्याला मामाकडे गेलेल्या त्यांच्या विद्यार्थिनीचा, वंदनाचा, मोबाईलवर नुसता फोटो आला: पुस्तकातलं x² − 7x + 12 = 0. सोबत प्रश्न नाही, तपासायला तिनं सोडवलेली ओळही नाही.

मागल्या खेपेला बाईंनी उत्तर धाडलं, तर फक्त अंगठा आला होता. आज त्यांनी पायऱ्या लिहिल्या. −7x चे −3x आणि −4x करायचे, मग कंस, मग 3 आणि 4.

वंदनाचा फोनच आला. “बाई, उत्तर पुस्तकाच्या मागं हाय. तुम्ही दर पायरीले ‘काऊन?’ इचारता, ते मले आयकाचं होतं. इथं मी ‘का’ले काऊन म्हटलं का पोरी हसतात.”

बाईंनी वर्गातल्यासारखा घसा खाकरला.

“तीन आन् चारच घेतले. काऊन?”