पाच डबे रांगोळी

आमगावच्या शाळेत मी गणित शिकवत असे. शाळेच्या वर्धापनदिनी सभागृहाच्या फरशीवर चौदा फूट रुंदीची गोल रांगोळी भरायची ठरली. शिरगोळ्याची रंगवलेली पूड किती लागेल, हे मी काढून दिले. सात फूट त्रिज्या, म्हणजे १५४ चौरस फूट. थर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. घनफळ २,७७२ घन इंच. घासलेटचा रिकामा डबा नऊ बाय नऊ बाय चौदा इंचांचा, त्यात ११३४ घन इंच मावतात. अडीच डबे. पूड बरोबर पुरली.

पाहुण्यांना ड्रॉइंग मास्तरांनी सांगितले, "अंदाज माझा." मी हिशेबाचा कागद पुढे केला. ते हसले. "बाईमाणसाले चिमूट समजते, साहेब. हिसाब नाही." हेडमास्तरांनी मला चहा बघायला पाठवले.

तो कागद मी वर्षभर जपून ठेवला.

पुढच्या वर्षी रांगोळी अठ्ठावीस फुटांची ठरली. मास्तर म्हणाले, "रुंदी दुप्पट, पूड दुप्पट. पाच डबे." रुंदी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते. दहा डबे हवे होते. पूड चाळणाऱ्या शिपायाने मला हळूच विचारले, "पुरंल का जी, बाई?"

"मास्तरांनी काढलंय," मी म्हटले.

सकाळी मधल्या कमळापासून भरायला सुरुवात झाली. थर मी पट्टीने तपासत होते. कुठेही सुतापेक्षा कमी-जास्त होऊ दिला नाही. दुपारी पाहुणे यायच्या सुमारास मध्यापासून दहा फुटांवर पूड संपली. भोवती चार फुटांचा कोरा पट्टा राहिला. मास्तर कडेची पूड बोटांनी बाहेर ओढू लागले, तशी खालची फरशी दिसू लागली.

पाहुणे दारात थांबले. एकाने विचारले, "हे अर्धंच काऊन सोडलं?"

मास्तरांनी शिपायाकडे बोट केले. "याने घरी नेली असंल. विकून राहिला."

 शिपायाची नोकरी जायची वेळ आली होती. ही गोष्ट माझ्या हिशेबात धरलेली नव्हती.

मी फळ्यावर दोन्ही वर्तुळे काढली, आकडे मांडले. पाच डबे पूड दहा फूट त्रिज्येपर्यंतच पोचते, हे लिहून दाखवले.

हेडमास्तर म्हणाले, "मग आधी काऊन नाही सांगितलं?"

"मागच्या वर्षी सांगितलं होतं," मी म्हटले, आणि तो जपलेला कागद त्यांच्या हातात ठेवला.

मास्तर म्हणाले, आकडे काहीही मांडता येतात. म्हणून कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांसमोरच सगळी पूड झाडून डब्यांत भरायला मी सांगितले. झाडू मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी इकडेतिकडे पाहिले; कोणी पुढे झाले नाही.

आणलेले पाचही डबे पुन्हा भरले. वर दोन ओंजळी उरल्या, ती धूळ होती. चहा बघायला मी गेले नाही.