परिशिष्ट ब आणि चाचांचा शुक्रवार

कारंज्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी प्रशासन पाहतो. डायलिसिसला लागणारं पाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राचा देखभाल करार झाला, तेव्हा त्याचं परिशिष्ट ब मी स्वतः लिहिलं. लिहिलं म्हणजे आमच्या संगणकांच्या देखभाल करारातून उतरवलं. ‘संगणक’ खोडून ‘संयंत्र’ केलं. या कष्टाबद्दल विश्वस्तांनी माझं कौतुक केलं आणि मी ते करू दिलं.

परिशिष्ट देखणं होतं. प्रतिसादाची मुदत चार तास. प्रतिसाद म्हणजे काय? कंपनीने तक्रार पाहिल्याची नोंद. दुरुस्ती कधी होणार, हा क्षुल्लक मुद्दा कुठेच नव्हता. वेळ मोजायची कंपनीच्या पोर्टलवर तक्रार क्रमांक मिळाल्यापासून, सोमवार ते शनिवार, दहा ते सहा. सुटा भाग येईपर्यंत घड्याळ थांबलेलं. मुदत चुकली तर तिमाही बिलात कपात. म्हणजे परीक्षार्थीच पेपर तपासणार होता, आणि रविवारी कोणाची मूत्रपिंडं बिघडत नाहीत असं आम्ही दोन्ही पक्षांनी सहीनिशी मान्य केलं होतं.

डायलिसिस विभागाच्या सिस्टर पोर्टलच्या वाटेला जात नसत. त्या थेट कंपनीच्या तंत्रज्ञाला फोन लावायच्या. तो कामरगावचा, मोटारसायकलवर तासाभरात हजर व्हायचा. मी एकदा टोकलं, तर म्हणाल्या, “साहेब, फोन केला का मानूस येते. पोर्टलवर टाकलं त निस्ता नंबर येते. पेशंटले नंबर लावू काय?”

मी हसलो. पुन्हा काही बोललो नाही, कारण क्रमांकच नसल्यामुळे कंपनीचा दर महिन्याचा अहवाल ‘तक्रारी शून्य, पूर्तता शंभर टक्के’ असा यायचा. तो मी बैठकीत मोठ्याने वाचायचो.

त्या शुक्रवारी सकाळी संयंत्राचा पंप बंद पडला. पाणी नाही म्हणजे डायलिसिस नाही. सिस्टरांनी नेहमीप्रमाणे फोन लावला. तंत्रज्ञ दुसऱ्या तालुक्यात अडकला होता, संध्याकाळी आला, पंप जळाला म्हणाला. नवा पंप नागपूरहून यायचा, आणि कंपनी तक्रार क्रमांकाशिवाय पंप गोदामाबाहेर काढत नव्हती.

शुक्रवार हा चाचांचा वार. चाचा म्हणजे बाजारपेठेतले शिंपी, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येणारे. ते सकाळपासून बाकावर बसले होते.

“काहून बंद हाय, साहेब?”

“होईल संध्याकाळपर्यंत, चाचा.”

संध्याकाळी म्हणालो, “उद्या नक्की.” डायलिसिसला अकोल्याला जा, असं मी म्हणायला हवं होतं. पण मग अहवालातले शंभर टक्के कुठे ठेवले असते?

शनिवारी अकरा वाजता मी स्वतः पोर्टलवर तक्रार टाकली. वीस मिनिटांत उत्तर आलं, ‘आपली तक्रार प्राप्त झाली.’ लक्ष्य गाठलं गेलं. चाचा संध्याकाळी घरी परतले तेव्हा त्यांच्या पायांची सूज चपलेत मावत नव्हती. रविवारी पहाटे त्यांना श्वास घेता येईना, तेव्हा रुग्णवाहिकेने अकोल्याला नेलं. त्यांच्या मुलीने मला फोनवर एवढंच विचारलं, “तुमाले शुक्रवारीच मालूम होतं ना?”

मालूम होतं.

पंप मंगळवारी बसला. मी कंपनीकडे कपातीची मागणी केली. अत्यंत नम्र पत्र आलं. शुक्रवारी तक्रार अस्तित्वात नव्हती, शनिवारी प्रतिसाद मुदतीत दिला, रविवार मोजणीबाहेर, उरलेले दिवस सुट्या भागाच्या प्रतीक्षेचे. सोबत महिन्याचा अहवाल: पूर्तता शंभर टक्के. एक शब्दही खोटा नव्हता. सगळे माझेच होते.

बैठकीत तो अहवाल मी वाचला, आणि शुक्रवारही सांगितला. या वेळी कौतुक झालं नाही.

नूतनीकरणाच्या वेळी परिशिष्ट पुन्हा लिहिलं, या वेळी सिस्टरांसमोर बसून. घड्याळ फोन केल्या क्षणापासून, सातही दिवस. फोनची वेळ विभागाच्या वहीत सिस्टर लिहिणार आणि पोर्टलवरची नोंद कंपनीच करणार. पाणी सुरू होऊन तपासलं गेलं की घड्याळ थांबणार. राखीव पंप आमच्याच खोलीत राहणार. मुदत चुकली तर रुग्णांना दुसरीकडे नेण्याची सोय कंपनीच्या खर्चाने. कंपनीने कुरकुर करत सही केली.

चाचा वाचले, अकोल्याहून परत आले. शुक्रवारी ते डायलिसिसच्या मशीनवर असताना मी त्यांना नवा कागद दाखवला. त्यांच्याकडे चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी मला वाचून दाखवायला लावला. ऐकून म्हणाले, “आईतवार टाकला?”

“टाकला, चाचा.”

“मंग बरं. अन् पंप बंद पडला त तुमी मले काय सांगान?”

तेवढं कलम परिशिष्टात नव्हतं. “अकोल्याले जा म्हणून सांगीन,” मी म्हणालो. “तेव्हाच्या तेव्हा.”

“वहीत लिवा,” चाचा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. सिस्टरांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी लिहिलं.