शंभरातला बासष्टावा

मोखाड्याजवळ सूर्यमाळला माझी ताई राहते. घराला लागून तिने फिरायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आणि लगेच एक एजंट घिरट्या घालू लागला. त्याचा करार असा: खोल्या त्याच्या ताब्यात, पाहुणे त्याचे, भाकऱ्या ताईने भाजायच्या. म्हणजे स्वतःच्याच घरात स्वयंपाकीण! ऐकूनच माझं डोकं फिरलं. मी जव्हारला कारकून. कचेरीतून आल्यावर बसून बसून तिची वेबसाइट बनवली.

ताईने मुदत दिली, "आठवड्यात शंभर मानसं बघतील तर ठीक. नाय तर आयतवारी त्याच्या कागदावर सही करते."

मी मंत्र्याच्या थाटात योजना आखली. आधी नातेवाइकांचा ग्रुप, मग दहावीच्या बॅचचा, मग कचेरीचा, शेवटी शिक्षकांचा. एका दिवशी एकच, म्हणजे कुठून किती आले ते कळतं. शिवाय डेपोसमोरच्या चहावाल्याकडे तोंडी प्रचाराचं खातं.

सोमवारी सकाळी टाकलेली लिंक गुलाबवाल्या सुप्रभातांखाली गाडली गेली. अंगठे ढीगभर, बघणारे तीन, त्यातला एक मीच. अंगठा दाखवायला लिंक उघडावी लागत नाही, हे आमच्या खानदानाने सिद्ध केलं. मग शहाणा झालो. रात्रीच्या जेवणानंतर एकेकाला वेगळा मेसेज केला, "उघडून बघ आणि काय कळत नाही ते सांग." चुका काढायला बोलावलं की माणसं धावत येतात. काकांनी तर शुद्धलेखनही तपासलं. आकडा सरकू लागला.

शुक्रवारी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं आणि आकडा एकसष्टावर जो बसला, तो हलेचना. शनिवारीही नाही. रडायचंच काय ते बाकी होतं.

तेवढ्यात ताईचा फोन. "काय रं, नंबर कोनाकोनाला वाटलास? भाकर थापू का फोन घेऊ?"

चौकशी केली. एका गुरुजींनी विचार केला, पाड्यावर नेटला धड रेंज नाही, लिंक कोण उघडणार? त्यांनी पानाचा स्क्रीनशॉट काढला आणि होते नव्हते त्या सगळ्या ग्रुपवर सोडला. त्यात ताईचा नंबर ठळक. तो फोटो मोखाड्यातून पार नाशिकपर्यंत फिरत होता आणि लोक साइटवर न येता थेट ताईला फोन करत होते. फोटो पाहिलेला मोजला जात नाही, हे मी तिला समजावलं.

"मंग तुजं मोजनंच येडं हाय," ती म्हणाली.

रविवारी मी सूर्यमाळला पोचलो, तर एजंट कागद घेऊन अंगणात उभा. दोन्ही खोल्यांच्या दाराशी नाशिककरांच्या चपला. ताई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"खोल्या भरल्यात. पुढची तारीख पायजे तर आमच्या वेबसाइटवर बघा."

त्याने माझ्याकडून लिंक टिपून घेतली आणि नेटची रेंज शोधत कुंपणापर्यंत गेला. मीही मागोमाग गेलो आणि माझ्या फोनवर आकडा पाहिला.

बासष्ट.