बांधलेला पाय तेवढा लक्षात राहिला

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण आहे ते मेहकरच्या कॉलेजात आम्हाला अर्थशास्त्र शिकवणाऱ्या सरांचं. नाव छापलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून इथे ते नुसते सर. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. प्रवेशाचा अर्ज सरांनी भरून घेतला, पुस्तकं त्यांच्या कपाटातली वापरली, आणि पुढे पुण्याला शिकायला जा हेही त्यांनीच माझ्या वडिलांना ओट्यावर बसून पटवलं.

दुसऱ्या वर्षाला त्यांनी आम्हाला डोणगावात घरोघरी पाण्याची पाहणी करायला पाठवलं होतं. माझ्याबरोबरच्या मित्राने आल्यावर मोठ्या ऐटीत सांगितलं की सगळे नळाचंच पाणी पितात. सरांनी विचारलं, तू काय विचारलंस? तो म्हणाला, "नळाचंच पिता ना, असं विचारलं."

"मंग काय बाकी राह्यलं बे? उत्तर तं तूच देऊन आला. तुह्या घरी पाहुणा आला अन् म्हणला, पोहे छान झाले ना, तं तू नाही म्हणशीन काय?"

आम्ही हसलो. पण माझी आजची नोकरी त्या एका बोलण्यावर उभी आहे.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत काम करतो. जाहिरात लोकांसमोर जाण्याआधी ती थोड्या लोकांना दाखवून पाहणं, आणि मोहीम संपल्यावर तिचा काय परिणाम झाला हे मोजणं, हे आमचं काम. गेल्या वर्षी एका धर्मादाय ट्रस्टची सर्पदंशाची मोहीम आमच्याकडे आली. ठिकाण आमचाच बुलढाणा जिल्हा. मला आनंद झाला होता. आमच्याकडे कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की आधी पायाला दोरी करकचून आवळतात, मग मोटारसायकल शोधतात. दोरीने रक्त अडतं, पायाला अपाय होतो, आणि वेळ जातो तो वेगळाच. पाय हलवू न देता थेट दवाखाना गाठायचा, एवढंच ट्रस्टला सांगायचं होतं.

जाहिरात कंपनीने केलेली फिल्म दिसायला सुंदर होती. पांढऱ्या मिशांचा एक रुबाबदार पाटील धावत येतो, आपला गमछा सोडतो, तरुणाच्या पायाला गाठ मारतो. मागे ताल धरायला लावणारं गाणं. फिल्मचा बहुतेक वेळ हेच. अगदी शेवटी गाठीवर लाल फुली येते आणि डॉक्टरबाई म्हणतात, हे करू नका, दवाखान्यात या.

फिल्म पक्की होण्याआधी तिचा कच्चा नमुना घेऊन मी डोणगावला गेलो. ही चाचणी एकेकट्या माणसाबरोबर करायची असते. चौघांत बसवलं की पहिला बोलतो तेच बाकीचे बोलतात. आपली जाहिरात एकटी दाखवायची नाही, साबण-बियाण्याच्या इतर जाहिरातींमध्ये मिसळून दाखवायची. मग काहीही न सुचवता विचारायचं: काय काय आठवतं? त्यात काय करायला सांगितलं?

किराणा दुकान चालवणाऱ्या एका काकूंनी मला चहा दिला, फिल्म पाहिली आणि म्हणाल्या, "त्या बुढ्याची आठवते ना. चांगला माणूस हाय. पटकन बांधलं त्यानं."

मी विचारलं, मग काय करायला सांगितलं त्यात?

"बांधा लागते. अन् मंग दवाखान्यात न्या लागते."

निम्म्याहून जास्त लोकांनी हेच सांगितलं. फुली दिसली होती, ऐकूही आलं होतं, पण मनात राहिला तो पाटील आणि त्याची गाठ. मी अहवालात स्पष्ट लिहिलं: फिल्म उलटा संदेश देते आहे, गाठ मारण्याचा भाग काढून टाकावा. तो अहवाल आधी जाहिरात कंपनीकडे गेला, आणि तिच्या दिग्दर्शकाने तो तिथेच बाजूला सारला. पुण्यात त्यांच्या ऑफिसात त्यांनी स्वतः लोकांना फिल्म दाखवली होती, तिथे सगळ्यांना बरोबर कळलं होतं म्हणे. कळणारच. एसीच्या खोलीत खुर्चीवर बसवून, दार लावून, शेवटपर्यंत दाखवली तर कुणालाही कळेल. आमच्याकडे ती आठवडी बाजारात गाडीवरच्या पडद्यावर चालणार होती. वांगी घेताघेता माणूस किती वेळ मान वर करून उभा राहतो? शेवटच्या चार वाक्यांपर्यंत थांबतो कोण? हे मी मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा दिग्दर्शक माझ्याकडे न पाहता माझ्या साहेबांना म्हणाला की तुमचा हा मुलगा जरा जास्तच गावाकडचा आहे. साहेब हसले. तो हसण्याचा आवाज मला अजून टोचतो.

फिल्म तशीच निघाली. मेहकर आणि लोणार तालुक्यांच्या बाजारांत गाडी फिरली, स्थानिक केबलवर ती लागली, एसटीच्या पाठीवर पाटलाचा फोटो चिकटला. फोटोत काय? पायाला गाठ मारताना पाटील.

मोहीम संपल्यावर मोजणीला मीच गेलो. मोहिमेआधी आम्ही काही गावांत विचारून ठेवलं होतं: साप चावला तर पहिल्यांदा काय कराल, आणि पाय बांधावा असं तुम्हाला किती वाटतं. आता तेच प्रश्न, त्याच शब्दांत. शिवाय जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जळगाव जामोदकडच्या गावांतही दोन्ही वेळा विचारलं, कारण तिकडे मोहीम नव्हती. दोन्हीकडे सारखाच बदल झाला तर तो जाहिरातीचा नाही, हे त्यामुळे कळतं. प्रश्नांचा क्रमही पाळावा लागतो. आधी मत विचारायचं, मग विनामदत आठवण, म्हणजे हल्ली कोणत्या जाहिराती पाहिल्या-ऐकल्या. मग थोडी मदत करून, सापाबद्दल काही पाहिलं का. चित्रं सगळ्यांत शेवटी. ती आधी दाखवली की पुढची सगळी उत्तरं चित्रातून येतात.

चित्रांमध्ये आम्ही ट्रस्टचं नाव झाकून खऱ्या जाहिरातीचं चित्र ठेवलं, आणि कधीच कुठे न लागलेल्या एका जाहिरातीचंही. लोणारजवळच्या एका गावात एका आजोबांनी दोन्ही चित्रांवर बोट ठेवून हाव, म्हणजे हो, म्हटलं. मी म्हटलं, आजोबा, ही दुसरी कुठं पाहिली?

"आता तू एवढ्या दुरून आणली म्हणल्यावर पाह्यलीच असन ना. तुले रिकामा काऊन पाठवू?"

त्यांच्या सुनेने आतून सांगितलं की ते फेरीवाल्यालाही असंच म्हणतात. मी हसलो, पण ते उत्तर मला महत्त्वाचं होतं. पाहुण्याचं मन राखायला किती लोक हाव म्हणतात ते या खोट्या चित्रावरून कळतं, आणि खऱ्या चित्राच्या ओळखीतून तेवढा भाग वजा करावा लागतो. आमच्या भागात तो भाग मोठा निघाला.

तरी आठवण भरपूर होती. विनामदत विचारलं तरी लोक गमछेवाल्या पाटलाचं नाव काढत. शाळेतली मुलं ते गाणं म्हणत होती. आणि पाय बांधावा म्हणणाऱ्यांची संख्या? मेहकर-लोणारकडे वाढली होती. जळगाव जामोदला होती तिथेच होती. म्हणजे जाहिरातीने लोकांचं मत बदललं होतं; ट्रस्टला जिकडे हवं होतं त्याच्या उलट दिशेला.

मी तक्ते केले आणि साहेबांना दिले. दोन दिवसांनी सादरीकरणाचा मसुदा परत आला, तेव्हा त्यात माझं काही उरलं नव्हतं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत चित्र ओळखणाऱ्यांचा आकडा, खोट्या चित्राची वजावट न करता. खोटं चित्र तर गाळूनच टाकलं होतं. मत बदलल्याचा तक्ता शेवटच्या परिशिष्टात, दिशा सांगितल्याशिवाय: "दृष्टिकोनात लक्षणीय बदल." मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते शांतपणे म्हणाले की क्लायंटला आठवण हवी होती, आठवण आहे. फिल्म स्पर्धेला जाणार आहे. पुढच्या पावसाळ्याचं कामही आपल्याकडेच येणार आहे.

"साहेब, पुढच्या पावसाळ्यात हीच फिल्म लागली तर लोक पाय बांधतील."

"ते आधीपासून बांधतातच ना?"

हे वाक्य शिकलेल्या, चांगल्या घरातल्या माणसाने म्हटलं. आपला पगार ज्यांच्या उत्तरांवर निघतो त्यांच्याबद्दल म्हटलं. मी ओरडलो नाही. ट्रस्टसमोर ते परिशिष्ट मीच उघडून वाचणार, एवढं सांगून बाहेर आलो.

आणि वाचलं. दिग्दर्शकाने आठवणीच्या आकड्यावर टाळ्या घेतल्यानंतर मी उभा राहिलो. मोहिमेआधी काय, नंतर काय, जळगाव जामोदला काय, आणि डोणगावच्या पहिल्या चाचणीत आम्ही हे आधीच कसं सांगितलं होतं, ते सगळं. ट्रस्टच्या बाई एकदम ताठ बसल्या. त्यांनी एकच विचारलं: ही पहिली चाचणी आम्हाला का दाखवली नाही?

त्या संध्याकाळी साहेबांनी मला या कामातून काढलं. आठवड्याने मी सरांना पत्र पाठवलं. सरांना मोबाईलवर लांबलचक वाचायला आवडत नाही, म्हणून पोस्टाने.

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

ट्रस्टने फिल्म थांबवली आहे. एसटीवरचे फोटो काढायला सांगितले आहेत, पण मेहकर डेपोच्या काही गाड्यांवर ते अजून आहेत, असं आमच्या घरून कळलं. नवी फिल्म होईल. तिच्यात गाठ मारताना कुणीच दिसणार नाही, आणि ती बाजारातच, गर्दीत तपासली जाईल, असं ट्रस्टच्या बाईंनी मला फोन करून सांगितलं. ते काम माझ्याकडे नसेल. जुनी फिल्म मात्र स्पर्धेला गेली आहे, आठवणीच्या आकड्यासह. तुमच्यापासून काय लपवू, राग अजून गेलेला नाही. नोकरीचं काय होईल तेही नक्की नाही. दुसरीकडे अर्ज केले आहेत.

एक विनंती आहे. नवी फिल्म यायला वेळ लागेल आणि पाऊस त्याआधी येईल. ज्या गावांत गाडी फिरली तिथली पुष्कळ मुलं तुमच्या कॉलेजात आहेत. त्यांना वर्गात सांगा की पाय बांधायचा नाही, हलवायचा नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं. पाटलाचं आणि गमछ्याचं नावसुद्धा काढू नका, नाहीतर पुन्हा तेच लक्षात राहील. आणि चार-आठ दिवसांनी त्यांना विचारून पाहा, साप चावला तर काय कराल. कसं विचारायचं ते मी तुम्हाला सांगायला नको.

काकूंना नमस्कार.
तुमचा विद्यार्थी