एका रविवारचा निकाल

माझा भाचा पोकर खेळून पोट भरत असे. ही गोष्ट ऑनलाइन पैसे लावून खेळण्यावर कायद्याने बंदी येण्याआधीची. तो थळला आईवडिलांच्या घरात, वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचा, एकाच वेळी चार टेबलं खेळायचा आणि पाच तासांनी खाली येऊन भात मागायचा. मी अलिबागच्या कोर्टात वकिली करतो. आमच्या घराण्यात निकाल ऐकून पोट भरणारे दोघेच, तो आणि मी. फरक एवढाच की हरलो तरी मला फी मिळते.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, दोन होड्यांचे मालक. पोराने कंत्राटदाराकडची नोकरी सोडली तेव्हा ते समुद्रावर होते, म्हणून भांडण टळलं. जून महिन्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, मासेमारी बंद झाली आणि भाऊजींना दिवसभर काही काम उरलं नाही. मग ते वरच्या खोलीत प्लॅस्टिकची खुर्ची टाकून पोराच्या पाठीमागे बसू लागले.

पोकरमधला त्यांना फक्त रंग कळायचा. आकडा हिरवा की लाल. हिरवा असला की खाली येऊन ताईला सांगायचे, "पोरगा हुशार हाय." लाल असला की, "याचं काय खरं न्हाय." एका आठवड्यात त्यांनी पोराला तीनदा हुशार आणि चारदा वाया गेलेला ठरवलं.

"बाबा, एका दिवसावरून काही कळत नाही हो," भाचा म्हणायचा.

"मग कशावरून कळतं? तुझ्या पत्रिकेवरून?"

भाचा समजावायला बसायचा. माणूस बरा खेळत असला, तरी त्याचं बरं खेळणं फार बारीक असतं. पत्त्यांचे चढउतार त्याच्या कितीतरी पट मोठे. दोन-तीन तासांच्या बैठकीत चांगला खेळाडूही जवळजवळ निम्म्या वेळा हरून उठतो. निम्म्यापेक्षा थोड्या कमी वेळा, आणि त्या 'थोड्या'वरच त्याचं घर चालतं. उलट एखादा ढ माणूस सलग चार रविवार जिंकतो आणि स्वतःला आचार्य समजू लागतो.

"मग तू ढ नाहीस हे तुला कसं ठाऊक?" मी विचारलं. उलटतपासणीची सवय.

"लाखभर हात, म्हणजे डाव, खेळल्यावर थोडंफार कळतं, मामा. त्यातही शंभरातला एखाददुसरा चांगला खेळाडू तोट्यात राहतो. तोवर आपण बरोबर खेळलो का, एवढंच बघायचं."

हे उत्तर मला आवडलं. कोर्टात कोणी असं कबूल करत नाही.

त्याची दुसरी शिस्त पैशांची. खेळायचे पैसे त्याने वेगळ्या खात्यात ठेवले होते, त्याला तो बँकरोल म्हणायचा. एका टेबलावर दोन हजार घेऊन बसायचं, तर खात्यात त्याच्या किमान चाळीसपट हवेत. रक्कम घसरली तर मुकाट्याने खालच्या टेबलावर जायचं. घरखर्च त्यातून काढायचा नाही. आकडा वाढला म्हणून लगेच मोठ्या टेबलावर चढायचं नाही. त्यावेळी खात्यात एक लाख साठ हजार होते. म्हणजे ऐंशीपट. ताईच्या मते ते पैसे नुसते पडून होते आणि त्यात फ्रीज आला असता.

"आपण होडीचा वाटा वेगळा काढतो ना बाबा, जाळ्यासाठी, इंजिनासाठी? तसंच हे."

"होडी आणि पत्ते एक न्हाय," भाऊजी म्हणाले आणि विषय संपला. उदाहरण मला चपखल वाटलं होतं. पण होडीच्या मालकाला ते पटवायचं म्हणजे देवळात पुजाऱ्याला मंत्र शिकवण्यासारखं.

शेवटी त्यांनी मुदत दिली. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जातील, तोवर पोराने काहीतरी दाखवावं. नाहीतर कंत्राटदाराकडे परत. त्यांनी कंत्राटदाराशी बोलूनही ठेवलं होतं.

आता बंगल्यातल्या साहेबांबद्दल. आमच्या किनाऱ्यावर मुंबईकरांचे बंगले आहेत. शुक्रवारी संध्याकाळी रो-रो बोटीतून गाड्या उतरतात आणि सोमवारी सकाळी निसर्गप्रेम आटोपून परत चढतात. त्यातल्या एका साहेबांना भाऊजी वर्षभर पापलेट पुरवायचे, पावसाळ्यात चिंबोऱ्या. साहेबांकडे दर रविवारी दुपारी पोकर रंगायचा. लागोपाठ पाच रविवार ते जिंकले होते आणि हे त्यांनी चिंबोऱ्या मोजून घेताना भाऊजींना सांगितलं. पत्ते वगैरे दुय्यम, आपण माणसं वाचतो, असंही सांगितलं.

दुसरा कोणी असता तर "वा साहेब" म्हणून टोपली उचलून आला असता. भाऊजींच्या तोंडून निघालं, "आमचा पोरगा पण खेळतो. त्याचा धंदाच हाय तो."

"मग आणा की रविवारी!"

भाऊजी घरी आले ते निकालाची तारीख घेऊनच. साहेबांना हरवलंस, तर पौर्णिमा विसरून जा, वर्षभर खेळ. हरलास, तर सोमवारी कामावर.

"बाबा, तिथे वीस हजार घेऊन बसावं लागतं. माझ्याकडे सगळे मिळून आठ वेळा बसण्याएवढे पैसे आहेत. आठ म्हणजे काहीच नाही."

"तू त्यांच्यापेक्षा बरा खेळतोस का न्हाय?"

"बहुतेक बराच बरा."

"मग झालं!"

"म्हणूनच तर भीती. बरा असूनही आठ वेळा वीस हजार जाऊ शकतात. मग खेळायलाच काही उरणार नाही. आणि एका दुपारी तर काहीही होईल."

"एकदम बरा असलास तर कसं काहीही होईल?" भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं.

भाचा वर जाऊन खात्याचा आकडा पाहून आला. मग म्हणाला, येतो. पण एकदाच वीस हजार. गेले की उठणार, पुन्हा खिशात हात घालणार नाही. त्याच्या नियमाने हेसुद्धा चुकीचंच होतं. पण बापाने शब्द दिला होता, आणि त्याच्या खात्यात बापाच्या शब्दासाठी वेगळी तरतूद नव्हती.

रविवारी आम्ही तिघे गेलो. मी वकील आहे, म्हणून तिथे जे चाललं होतं ते मी फक्त मामा या नात्याने पाहिलं. काचेचं दार, पलीकडे समुद्र, हिरवं बनातीचं टेबल आणि भोवती सहा गृहस्थ. साहेबांनी उन्हाचा चष्मा घरातही घातला होता. माणसं वाचणाऱ्याला वाचता येऊ नये म्हणून असावा. भाऊजींना खुर्ची मिळाली, पण ते तिच्यावर बसले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून पोराच्या मागे उभे राहिले.

तासभर भाचा आलेले पत्ते न खेळताच टाकून देत राहिला. "हा खेळायला आलाय का बघायला?" एक गृहस्थ म्हणाले. भाऊजींचे कान लाल झाले.

मग एक हात आला. या खेळात प्रत्येकाला दोन पत्ते गुप्त मिळतात आणि पाच सगळ्यांसाठी मधे उघडतात. भाच्याने पैसे वाढवले. साहेबांनी त्यावर वाढवले. भाच्याने पुन्हा. साहेबांनी चष्मा काढला, भाच्याकडे खोल पाहिलं आणि समोरची पैशांच्या चकत्यांची सगळी चळत पुढे सरकवली. भाच्याने क्षणात आपलीही सगळी सरकवली. पत्ते उघडले. भाच्याकडे दोन एक्के, साहेबांकडे दोन राजे. मधले पत्ते यायच्या आधी दोन एक्क्यांहून चांगला हात नसतो, हे मलाही वरच्या खोलीत बसून ठाऊक झालं होतं.

"आपलं चांगलं हाय ना?" भाऊजी माझ्या कानाशी.

"आपलं चांगलं आहे."

मधे तीन पत्ते उघडले, फालतू. चौथा पत्ता राजा निघाला, म्हणजे साहेबांचे तीन राजे झाले, आणि तीन राजे दोन एक्क्यांना हरवतात. पाचव्याने काही बदललं नाही.

"मला आतून वाटलंच होतं," साहेब म्हणाले. "तुझ्या डोळ्यांत दिसलं. बेटा, धीर कमी पडतो तुझा. दुसरे वीस घे, शिकवतो."

भाचा उठला. सगळ्यांना नमस्कार केला, साहेबांना "छान खेळलात" म्हणाला आणि चपला शोधू लागला. पुढच्या रविवारी पुन्हा या, असा आग्रह झाला. त्या टेबलाला तो किती आवडला होता हे उघड होतं.

भाऊजींनी गाडी काढली. थळच्या फाट्यावर त्यांनी तोंड उघडलं.

"त्याचे राजे होते. तुझे एक्के होते. पैसे लावले तेव्हा तू पुढे होतास."

"हो."

"पुन्हा तसंच झालं तर?"

"पुन्हा तसंच खेळेन. दर वेळी. पाचात चार वेळा मी जिंकतो."

"आणि तो बोलला डोळ्यांत दिसलं, ते?"

"माझ्या डोळ्यांत दोन एक्के दिसले असते तर दोन राजांवर त्याने पैसे घातलेच नसते. त्याला काही दिसलं नाही, बाबा. राजा आला."

भाऊजींनी गाडी बाजूला घेतली. आमच्यापैकी कोणावर नसलेला त्यांचा संताप मी त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला. "पुढच्या रविवारी जायचं. पैसे मी देतो. पन्नास देतो, लाख देतो! इंजिनाला ठेवलेत ते घे. त्या चष्म्याला दाखवू."

मला वाटलं, संपलं. मीही असतो तर गेलो असतो. पाचात चार म्हणजे आमच्या धंद्यात डोळे मिटून अपील.

"नाही," भाचा म्हणाला. "तुमच्या लाखातही पाचच वेळा बसता येईल. मी बरा आहे म्हणून पैसे दुप्पट होत नसतात. मी उद्या माझ्या टेबलावर बसतो. वीस गेले, एक चाळीस उरलेत. ते माझ्या टेबलाला पुरतात."

"उद्या कंत्राटदाराकडे जायचंय तुला," मी आठवण करून दिली. कोणीतरी द्यायला हवी होती.

मागे एका टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, त्याला भाऊजींनी खिडकीतून यथास्थित उत्तर दिलं.

मग पोराला विचारलं, "लाख हात खेळायला किती दिवस लागतात?"

"रोज खेळलो तर अडीच-तीन महिने."

"म्हणजे पौर्णिमेला होत न्हाय."

"नाही होत."

"तर तेवढे होऊ दे. कंत्राटदाराला मी सांगतो." गाडी चालू करता करता ते म्हणाले, "पैसे देतो बोललो तरी घेतले न्हाय. त्या बंगल्यातला एक माणूस असा उठला असता काय?"

घरी ताई दारातच होती. "जिंकला का रे?"

"हरला," भाऊजी म्हणाले, "पण बरोबर खेळून हरला." तिला यातला फरक कळेना. तेव्हा त्यांनी ओटीवर बसून दोन एक्के, दोन राजे तिला समजावले, राजा कुठे आला तेही. बरंचसं चुकीचं सांगितलं. भाचा वर गेला आणि लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला.

त्या आठवड्यात बंदरावर मला तिघांनी वेगवेगळं गाठून सांगितलं, की माझ्या भाच्याने बंगल्यावर वीस हजार कसे उत्तम घालवले.